आधी कोण आलं, हा प्रश्नच नव्हता

दरवर्षी 9 ऑगस्टला ठाण्यात जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. तारपा वाजतो, फलक असतात आणि व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'आम्हीच या भूमीचे मूळ मालक'. खाडीपलीकडे नवी मुंबईत प्रकल्पग्रस्तांच्या मोर्चात आगरी-कोळी भूमिपुत्र हेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतात. तिकडे संयुक्त राष्ट्रांत भारत सरकारचा प्रतिनिधी सांगतो, की स्वातंत्र्याच्या वेळी भारतात असलेले सगळे लोक आणि त्यांचे वंशज मूळनिवासीच आहेत. तिघांची भूमिका वेगळी असली तरी गृहीतक एकच आहे. आदिवासी कोण हे ठरवायचं म्हणजे आधी कोण आलं हे ठरवायचं, असं तिघंही धरून चालतात.

आंतरराष्ट्रीय कायद्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी बाजूला ठेवला आहे. त्याच्या जागी जे ठेवलं आहे त्यात लोकांनी स्वतःची ओळख स्वतः सांगण्याला मोठं स्थान आहे. ही गोष्ट आपल्याकडे नीट पोचलेली नाही, आणि 'स्वतः सांगितलं की झालो आदिवासी' अशा विकृत रूपात पोचली असेल, तर ती न पोचण्यापेक्षा वाईट.

9 ऑगस्ट ही तारीखही त्याच इतिहासातून आली आहे. 1982 साली या दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकसमूहांवरील कार्यगटाची पहिली बैठक झाली. या कार्यगटाने पुढे जो मसुदा तयार केला त्यातून 13 सप्टेंबर 2007 चा जाहीरनामा आला. 144 देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारत होता. विरोधात फक्त चार होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हा जाहीरनामा, त्या 'मूळनिवासी' लोकांची व्याख्या त्यात कुठेच नाही. ती मुद्दाम टाळली आहे, कारण एक व्याख्या लिहिली की तिच्या बाहेर कोण पडतं हे सरकारं ठरवू लागतात. त्याऐवजी अनुच्छेद 33 सांगतो, की आपली ओळख आणि आपले सदस्य कोण हे आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे ठरवण्याचा हक्क त्या लोकांचाच आहे.

व्याख्या शोधायची तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1989 च्या करार क्रमांक 169 कडे जावं लागतं. त्याच्या पहिल्याच कलमात दोन वेगळे गट आहेत आणि सगळा घोळ हे दोन गट एकत्र वाचल्याने होतो. पहिला गट 'जमातींचा': ज्यांची सामाजिक, सांस्कृतिक आणि आर्थिक स्थिती देशातल्या इतर लोकांपेक्षा वेगळी आहे आणि ज्यांचं जगणं पूर्ण किंवा अंशतः स्वतःच्या रूढींनी किंवा त्यांच्यासाठीच्या खास कायद्यांनी चालतं. यात पहिल्यांदा कोण आलं याचा एक शब्दही नाही. दुसरा गट 'मूळनिवासींचा': जे विजय, वसाहत किंवा आजच्या राज्यसीमा आखल्या जाण्याच्या वेळी तिथे असलेल्या लोकांचे वंशज आहेत आणि ज्यांनी आपल्या संस्था थोड्याफार तरी टिकवल्या आहेत. काळाचा प्रश्न फक्त इथे येतो, आणि इथेही निव्वळ वंश पुरत नाही, संस्था टिकलेल्या असाव्या लागतात. दोन्ही गटांना करारातले हक्क सारखेच मिळतात.

म्हणजे 'आमच्याकडे सगळेच मूळनिवासी' या युक्तिवादाने फार तर दुसऱ्या गटाचा दरवाजा बंद होतो. पहिला उघडाच राहतो. कातकरी सह्याद्रीत कधी आले, ठाकर त्यांच्याआधीचे की नंतरचे, हे इतिहासकारांनी खुशाल शोधावं. त्या उत्तरावर काहीही अवलंबून नाही. आपल्या 'आदिवासी' या शब्दानेच आपली थोडी फसवणूक केली आहे. त्यातला 'आदि' आपल्याला सतत काळाच्या वादात ओढतो. संविधानात मात्र 'अनुसूचित जनजाती' हा कोरडा शब्द आहे, आणि निदान या एका बाबतीत तो अधिक अचूक आहे.

काळाचा मुद्दा किती गौण आहे हे दाखवणारा सर्वांत स्पष्ट खटला दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचा. तिथले सारामाका लोक हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज. मळ्यांतून पळून ते जंगलात नदीकाठी वसले आणि 1762 मध्ये त्यांनी डच वसाहत सरकारशी तह करून आपलं स्वातंत्र्य मान्य करून घेतलं. त्यांच्यात आईकडून चालणारी कुळं आहेत आणि जमीन या कुळांकडे असते. पुढे सुरीनाम सरकारने त्यांच्या प्रदेशात लाकूडतोडीचे आणि खाणींचे परवाने बाहेरच्या कंपन्यांना दिले. सारामाका लोक आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले. सरकारचे दोन बचाव आपल्याला ओळखीचे वाटतील: हे काही इथले मूळनिवासी नव्हेत, आणि त्यांच्यातले कित्येक शहरात राहतात, मग 'सारामाका' नेमकं कोणाला म्हणायचं?

28 नोव्हेंबर 2007 च्या निकालात न्यायालयाने पहिला मुद्दा मान्य केला. सारामाका त्या भूमीचे मूळनिवासी नाहीत, हे खरं. पण ते जमात आहेत: त्यांची घडण वेगळी, जमिनीशी नातं सामूहिक, कारभार स्वतःच्या नियमांचा. म्हणून सामूहिक मालमत्तेचं संरक्षण त्यांना मूळनिवासींइतकंच मिळेल. दुसऱ्या मुद्द्यावर न्यायालय म्हणालं, की काही माणसं बाहेर राहतात म्हणून समूहाचं वेगळेपण संपत नाही, आणि सदस्य कोण हे ठरवणं राज्याचं काम नाही, त्या लोकांचं आहे. गुलामीच्या जहाजातून आलेल्यांना जर हा दर्जा मिळत असेल, तर 'आधी कोण आलं' या प्रश्नाचं वजन किती ते कळतं.

आता स्वतःची ओळख सांगण्याकडे येऊ. 1957 चा करार क्रमांक 107 भारताने 1958 मध्ये स्वीकारला आणि भारतापुरता तो आजही लागू आहे. 169 आपण स्वीकारलेला नाही. जुन्या कराराची भाषा आज वाचवत नाही. त्यात जमाती म्हणजे देशातल्या इतरांपेक्षा 'कमी प्रगत टप्प्यावर' असलेले लोक. टप्पा कोणता हे साहजिकच बाहेरचा माणूस ठरवणार. आपल्याकडे 1965 च्या लोकुर समितीने जे निकष दिले तेही याच घराण्यातले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकटेपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासपणा. या पाचांपैकी चार निकष असे आहेत, की माणूस शाळेत गेला, रस्ता झाला, मोबाइल आला की ते निसटतात. म्हणजे विकास झाला तर ओळख जाते. येऊरचा वारली ठाणे महापालिकेच्या हद्दीत राहतो. एकटेपणाची फूटपट्टी लावली तर तो केव्हाच आदिवासी राहिलेला नाही.

1989 च्या कराराने हा पायाच बदलला. कलम 1 चा दुसरा परिच्छेद म्हणतो, की स्वतःला मूळनिवासी किंवा जमात मानणं हा कोणत्या समूहांना करार लागू होतो ते ठरवण्याचा मूलभूत निकष धरला जाईल. 'मूलभूत' आहे, 'एकमेव' नाही. वरचा वस्तुनिष्ठ भाग पुसला जात नाही, दोन्ही एकत्र वाचायचे असतात. दुसरी बाब याहून महत्त्वाची: कराराचा विषय समूह आहे, व्यक्ती नाही. 'आम्ही कोण' हे वाडीने सांगायचं. एकट्याने 'मी कोण' म्हणून केलेल्या दाव्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होजे मार्टिनेझ कोबो यांनी दुहेरी कसोटी सुचवली होती. व्यक्तीने स्वतःला त्या समूहाची मानावं, आणि समूहाने तिला आपली म्हणून स्वीकारावं. आपल्याकडे पहिला अर्धा भाग ऐकून लोक घाबरतात. दुसरा अर्धा ऐकायला थांबत नाहीत.

भीती निराधार नाही. महाराष्ट्रात बोगस दाखल्यांवर आदिवासी संघटना वर्षानुवर्षं लढत आहेत आणि खऱ्या आदिवासी मुलामुलींच्या जागा गेल्या आहेत. ठाकर समाजाचं उदाहरण इथलंच. 'ठाकूर' हे आडनाव आणि जातनाव बिगरआदिवासींतही आहे. 1976 पर्यंत अनुसूचीला क्षेत्रबंधन होतं, म्हणजे ठरावीक जिल्ह्या-तालुक्यांतलेच ठाकूर आदिवासी धरले जात. त्या वर्षीच्या कायद्याने क्षेत्रबंधन उठलं, दावे वाढले, आणि पडताळणी समित्यांनी 'आप्तभाव चाचणी' हत्यारासारखी वापरायला सुरुवात केली. कुलदैवत कोणतं, लग्नात काय विधी, मेल्यावर काय करता, बोलीत अमुकला काय म्हणतात, असे प्रश्न विचारायचे. शहरात वाढलेल्या खऱ्या ठाकर मुलाला उत्तरं येत नाहीत, आणि पुस्तक पाठ केलेल्या खोट्याला येतात. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी म्हणजे लिटमस कागद नव्हे. जुनी कागदपत्रं पुरेशी असतील तर प्रत्येक दाव्यात ती लावण्याची गरज नाही.

निकाल योग्यच आहे, पण तो शेवटी कागदाकडे नेतो. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचे आजोबा कोळशाच्या भट्टीवर जन्मले, वडील वीटभट्टीवर, आणि ज्याची झोपडी आजही दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, त्या कातकऱ्याकडे हा कागद कुठून येणार? केंद्राच्या यादीत कातकरी 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' आहेत. जमातीबद्दल कोणालाच शंका नाही, आणि तरी माणूस सिद्ध होत नाही. इथे कोबोंचा दुसरा अर्धा भाग उपयोगी पडतो. शेजारच्या तीन वाड्यांतल्या जाणत्यांनी 'हा आमचा, याची सोयरीक अमुक वाडीत' असं सांगितलं, तर त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही. बोगस माणूस नेमका इथे पडतो, कारण त्याला सोयरीक दाखवता येत नाही. ही कल्पना परकीही नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हा पुरावा म्हणून धरलाच जातो.

माझं म्हणणं असं, की आपण दोन वेगळे प्रश्न एकाच दाखल्याने सोडवायला बघतो. पहिला प्रश्न: मर्यादित राखीव जागा कोणाला द्यायची? तो व्यक्तीचा प्रश्न आहे, तिथे काटेकोर पडताळणी हवी. दुसरा प्रश्न: जमीन घेताना, लोहमार्ग टाकताना कोणत्या समूहाला समूह म्हणून विचारायचं? इथे एकाने खोटं सांगून दुसऱ्याची जागा बळकावण्याचा धोका जवळपास नाही. चूक होते ती उलट दिशेने: विचारायला हवं होतं अशा लोकांना विचारलंच जात नाही.

हा दुसरा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग ज्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प 3 चा भाग आहे त्याला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं कर्ज आहे. बुलेट ट्रेनला जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचं. या संस्थांची स्वतःची मानकं असतात आणि ती बरीचशी जागतिक बँकेच्या धर्तीवर आहेत. जागतिक बँकेच्या आज लागू असलेल्या सातव्या मानकात चार लक्षणं आहेत आणि ती 'कमी-अधिक प्रमाणात' असली तरी चालतात. एक, वेगळा समूह म्हणून स्वतःची ओळख आणि इतरांनी ती मानणं. दोन, ठरावीक प्रदेशाशी सामूहिक नातं, ज्यात हंगामी वापराच्या जागाही येतात. तीन, मुख्य समाजाहून वेगळ्या रूढी-संस्था. चार, वेगळी भाषा किंवा बोली. करार न स्वीकारलेल्या देशातही व्याख्या इथून, कर्जाच्या अटींतून, आत येते.

समजा, नवी मुंबईच्या पाठीमागे डोंगराच्या पायथ्याशी चाळीस घरांची एक वाडी आहे. अठ्ठावीस घरं कातकऱ्यांची, बारा ठाकरांची. महसुली गाव तीन हजार वस्तीचं. सर्वेक्षण करणारी संस्था येते आणि दोन गोष्टी करते. जनगणनेतून गावाची अनुसूचित जमातीची टक्केवारी काढते, आणि बाधित घरांना 'दाखला आहे का' असं विचारून रकाना भरते. टक्केवारी छोटी निघते. दाखले सात घरांकडे आहेत. सर्वेक्षण जानेवारीत झालं असेल तर निम्मी वाडी वीटभट्टीवर आहे आणि घरांना 'बंद' असा शेरा. अहवालात वाक्य येतं: प्रकल्पक्षेत्रात लक्षणीय आदिवासी वस्ती नाही, स्वतंत्र आराखड्याची आवश्यकता नाही. कोणी खोटं बोललेलं नाही. मोजण्याचं एकक गाव धरलं, पुरावा दाखला धरला आणि हंगाम चुकीचा निवडला, एवढ्याने चाळीस घरं गळाली.

हेच काम मानकाप्रमाणे करायचं तर एकक वाडी. पावसाळ्यात, सगळे परतलेले असताना, वाडीची बैठक, बायका वेगळ्याही बसतील अशी. पहिला प्रश्न: तुम्ही स्वतःला काय म्हणवता? दुसरा प्रश्न शेजारच्या गावाला: वरच्या वाडीतले कोण? मग रानभाज्या, खेकडे, लाकूडफाटा कुठून आणता, मेलेल्यांना पुरता कुठे, देव कुठे, या जागा नकाशावर. भांडणं कोण मिटवतं, घरात बोलता काय. वाडी मिश्र असली तरी बिघडत नाही. पॅराग्वेच्या शाक्मोक कासेक समुदायात दोन वेगळ्या वंशाची कुटुंबं होती, आणि 2010 मध्ये त्याच आंतर-अमेरिकी न्यायालयाने सांगितलं, की समुदायाने स्वतःला काय म्हणवावं हे राज्य ठरवू शकत नाही. या पद्धतीतही एक खरी अडचण उरते: वाडीच्या वतीने बोलतं कोण? मुकादमाने उचल दिलेली घरं मुकादमासमोर खरं बोलणार नाहीत. तालुक्याची संघटना आणि वाडी यांचं मत वेगळं असू शकतं. म्हणून बैठकीला बाहेरचा कोण हजर होता हे अहवालात लिहिलेलं असणं, त्या बैठकीच्या फोटोंपेक्षा जास्त कामाचं.

आणि खाडीकाठचे भूमिपुत्र? इथे मी मूळ मालकीच्या घोषणेपेक्षा त्यांच्या गावकीकडे बघेन. सिडकोने 1970 नंतर 95 गावांची जमीन घेतली, हे दुःख मोठं आहे, पण नुसतं आधी असणं आणि जमीन गमावणं यावर व्याख्या उभी राहत नाही. कोळीवाड्याची बाजू भक्कम होते ती वेगळ्या कारणांनी. खाडीत कोणाची डोल कुठे लागणार याचे त्यांचे नियम आहेत, जमातीची पंचायत आहे, बोली आहे, आणि पाणी सात-बाऱ्यावर चढत नसलं तरी त्यांचं त्याच्याशी नातं सामूहिक आहे. सोनकोळी अनुसूचित जमातींत नाहीत. आरक्षणाच्या प्रश्नात ते तसंच राहील. पण खाडीवर पूल किंवा जेट्टी परक्या कर्जातून होणार असेल तर चार लक्षणांची कसोटी लावून घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, कारण ती कसोटी अनुसूचीवर थांबत नाही. शेतजमीन आणि मिठागरांवर खातेदार म्हणून राहिलेल्या आगरी गावांना हे सगळंच्या सगळं लागू पडेल असं मला वाटत नाही. एका घोषणेत जोडलेले दोन समाज या कसोटीवर वेगळे पडू शकतात, आणि हे मोर्चात कोणाला आवडणार नाही.

नातं शहरानेच तोडलं असेल तर? त्याच सातव्या मानकात यासाठी सोय आहे. सध्याच्या पिढीच्या हयातीत सक्तीने हलवलं गेल्यामुळे, सरकारी पुनर्वसनामुळे, किंवा प्रदेश शहराच्या हद्दीत ओढला गेल्यामुळे ज्यांचं जमिनीशी नातं तुटलं, त्यांनाही मानक लागू होऊ शकतं. पुढच्या जनसुनावणीला जाताना अहवालाचं आदिवासींवरचं प्रकरण उघडावं आणि तीन नोंदी शोधाव्यात: मोजणी गावाची की वाडीची, सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं, आणि 'शहरी हद्दीत समाविष्ट' या कारणाचा विचार केला होता की नाही. तिन्ही जागा कोऱ्या असतील तर हरकतीचा अर्ज तिथूनच सुरू करावा, लेखी, आणि पोच घेऊन.